चेकवरचा कोड, स्टेटमेंटवरचा कोड आणि चौदा लाखांचा आरटीजीएस

काउंटरवर सांगतात, चेकवर जो कोड छापलाय तोच फॉर्मवर लिहा. तो लिहिला की त्याच काउंटरचा कॉम्प्युटर म्हणतो, असा कोडच अस्तित्वात नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये मी किती वेळ उभी होते हे आठवलं की अजून डोकं तापतं. पण त्या निमित्ताने चेकवरचे आकडे मला वाचता यायला लागले, म्हणून लिहून ठेवतेय.

पुण्यातला एक जुना फ्लॅट आम्ही घेत होतो. विकणारे नाना मुलीकडे नाशिकला राहायला गेलेले, खातं मात्र पुण्यातच. खरेदीखताच्या आधी शेवटचा मोठा हप्ता द्यायचा होता, चौदा लाखांचा. ॲपवर नवीन बेनिफिशियरीला सुरुवातीला तेवढी रक्कम जात नाही, म्हणून शाखेत जाऊन आरटीजीएसचा फॉर्म भरायचं ठरलं. (आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात, त्याखाली एनईएफटी.) नानांनी कॅन्सल्ड चेकचा फोटो पाठवला. कागदपत्रं, करार, बँकेतलं कर्ज हे सगळं सुरळीत पार पडलं होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते या चेकवर.

चेक सिंडिकेट बँकेचा होता. ही बँक 1 एप्रिल 2020 रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. नाना चेक क्वचितच फाडायचे, त्यामुळे जुनं पुस्तक संपलंच नव्हतं. नावाच्या पट्टीखाली आयएफएससी होता `SYNB0005371`. (इथले आणि पुढचे शाखेचे आकडे मी बदलून लिहिलेत, रचना खरी आहे.)

हा कोड अकरा खुणांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवी खूण कायम शून्य, आणि उरलेल्या सहा शाखेच्या. पाचवं ते शून्यच, इंग्रजी ओ नव्हे. मोबाइलवर टाइप करताना गफलत तिथेच होते. शेवटच्या सहात बहुतेक वेळा आकडेच असतात, पण अक्षरंही असू शकतात. लहान सहकारी बँकांच्या चेकवर पहिली चार अक्षरं भलत्याच मोठ्या बँकेची दिसली तरी दचकू नका. त्यांतल्या बऱ्याच बँका दुसऱ्या बँकेच्या आधाराने या व्यवस्थेत शिरलेल्या असतात आणि कोड त्या मोठ्या बँकेचा घेतात.

तर काउंटरवरच्या बाईंनी `SYNB` टाकलं आणि स्क्रीनवर लाल ओळ आली. येणारच होती. `SYNB`ने सुरू होणारे कोड 1 जुलै 2021 पासून बंद झालेत. मी म्हटलं, "मॅडम, बँक विलीन झाली ना, मग नवा कोड घ्या." त्या म्हणाल्या, "फॉर्म आणि चेक जुळला पाहिजे. नवा चेक आणा." नवं चेकबुक मागवायचं तर नाना नाशिकला, पोस्टाचा पत्ता पुण्यातला, आणि निबंधक कार्यालयात आमची वेळ घेतलेली. नानांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो, माझी पेन्शन त्याच खात्यात येते दर महिन्याला. खातं चालू आहे की!" खातं चालू होतंच. मेलेला होता तो कोड. पण हे त्यांना फोनवर समजावताना मला जेवढा घाम फुटला तेवढा फ्लॅटची किंमत ठरवताना फुटला नव्हता.

मग शेजारच्या टेबलावरचे एक साहेब मदतीला आले. त्यांना सूत्र पाठ होतं: सिंडिकेटच्या कोडात अक्षरं `CNRB` करायची आणि आकड्यात दहा हजार मिळवायचे. म्हणजे 5371 चे होतात 15371, आणि कोड `CNRB0015371`. सूत्र बरोबर आहे, विलीनीकरणानंतर सिंडिकेटच्या शाखांना कोड याच पद्धतीने दिले गेले. त्यांनी तो टाकला. तोही चालला नाही!

इथे माझा धीर सुटला. मी नानांच्या मुलीला सांगून मोबाइल बँकिंगमधून ताजं स्टेटमेंट काढून घेतलं. त्याच्या डोक्यावर तिसराच कोड होता, `CNRB0002846`. आता एका खात्याला तीन कोड, आणि काउंटरवर माझ्याकडे असं बघितलं जात होतं जणू काही मीच घोटाळा घेऊन आलेय.

उलगडा झाला तो एमआयसीआरमुळे. चेकच्या तळाला पांढरी पट्टी असते, तिथे चौकोनी वळणाचे आकडे चुंबकीय शाईत छापलेले असतात. सुरुवातीला चेकचा सहा आकडी क्रमांक, मग नऊ आकडी एमआयसीआर, मग आणखी सहा आकडे आणि शेवटी दोन. मधल्या सहांना खाते क्रमांक समजू नका, पूर्ण खाते क्रमांक चेकच्या वरच्या भागात वेगळा छापलेला असतो. एमआयसीआरच्या नऊ आकड्यांचे तीन तुकडे करायचे: पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे तीन सहसा तिथल्या पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांशी जुळतात, मुंबई 400, पुणे 411. पैसे पाठवायला हा कोड लागत नाही, तो चेक वटवण्यासाठी आहे. पण पडताळायला त्याच्यासारखं साधन नाही.

नानांच्या जुन्या चेकवर होतं 411 025 आणि पुढे शाखा. 025 म्हणजे सिंडिकेट. स्टेटमेंटवर होतं 411 015. 015 म्हणजे कॅनरा. शहर तेच, बँक बदललेली, इथपर्यंत विलीनीकरणाशी जुळलं. पण शेवटचे तीन आकडेही वेगळे होते आणि स्टेटमेंटवर शाखेचा पत्ता पुढच्या चौकातला होता. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. नुसती बँक विलीन झाली नव्हती, पुढे शाखासुद्धा विलीन झाली होती. एकाच रस्त्यावर दोन शाखा कशाला, म्हणून सिंडिकेटची ती शाखा बंद करून खाती कॅनराच्या जुन्या शाखेत नेली. म्हणून सूत्राने काढलेला कोड एकेकाळी खरा असूनही आता बाद होता, आणि तिसरा कोड सूत्रात न बसणारा असूनही खरा होता.

आणखी एक गंमत तेव्हाच लक्षात आली. नानांचा खाते क्रमांक 5371 नेच सुरू होत होता. या बँकांच्या जुन्या खात्यांमध्ये खाते क्रमांकाचे पहिले चार आकडे मूळ शाखेचे असतात, म्हणून एरवी खाते क्रमांकाचा आरंभ आणि आयएफएससीचा शेवट जुळवून बघणं ही झटपट खूण आहे. शाखा हलली तरी खाते क्रमांक तोच राहिला, त्यामुळे इथे मात्र ती खूण फसवी ठरली. "नंबर 5371 चा आहे, तुम्ही 2846 कसं म्हणता?" हा त्या साहेबांचा प्रश्न म्हणून अगदीच वेडगळ नव्हता, हे मी आता मान्य करते. त्या दिवशी केलं नव्हतं.

मग रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आयएफएससी शोधायची सोय आहे तिथे बँक आणि शाखा निवडून 2846 खात्रीने बघितला. गुगलवर कोड टाकला की ज्या साइट वर येतात त्यांच्यावर विसंबू नका. `SYNB`चा मेलेला कोड एका साइटवर पत्त्यासकट थाटात झळकत होता. एवढं करूनही चेकचा हट्ट राहिलाच. शेवटी शाखा व्यवस्थापकांपुढे जुना चेक, स्टेटमेंट आणि रिझर्व्ह बँकेच्या पानाची प्रिंट अशी तिन्ही कागदं शेजारी शेजारी ठेवली. चेकवरचा आणि स्टेटमेंटवरचा खाते क्रमांक पूर्ण सारखा आहे हे बोट ठेवून दाखवलं. त्यांनी स्टेटमेंटवर सही करून फॉर्म घ्यायला सांगितलं. ज्याला सही करायचा अधिकार आहे त्याच्याकडे आधीच जाणं हा या सगळ्यातला खरा शॉर्टकट.

आता एक गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. आयएफएससी चुकला आणि तो कोड बादच असेल तर फॉर्म अडतो, पैसे जात नाहीत, म्हणजे नुकसान फक्त वेळेचं. त्याच बँकेच्या दुसऱ्या चालू शाखेचा कोड पडला तरी पैसे बहुतेक वेळा योग्य खात्यात पोचतात, कारण बँक जमा करते ती खाते क्रमांकावरून. खरी भीती खाते क्रमांकातला एक आकडा चुकण्याची आहे. तो आकडा चुकून दुसऱ्या कुणाचं खातं निघालं तर नाव जुळत नाही म्हणून पैसे थांबतीलच असं नाही, आणि गेलेले परत मिळवायला त्या माणसाची संमती मागत बसावं लागतं. मी कोडापायी सगळ्यांशी भांडले आणि खाते क्रमांक मात्र काउंटरवरच्या बाईंनीच दोनदा वाचून घेतला, तेवढं श्रेय त्यांना.

नाव बघायची सोय आता आहे. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2025 पर्यंत सगळ्या बँकांना आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी ती द्यायला सांगितली होती: खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की समोरच्याचं नाव दिसतं, शाखेतल्या माणसालाही विचारता येतं. आमच्या स्क्रीनवर नानांचं पूर्ण नाव उमटलं, तेव्हा कुठे मी सही केली. त्याआधी घरून ॲपवरून शंभर रुपये एनईएफटीने पाठवून नानांच्या मुलीकडून मेसेज आल्याची खात्री केली होती, तेही करा. शंभर रुपयांत चौदा लाखांची झोप मिळते.

चौदा लाख अर्ध्या तासाच्या आत पोचले. पावतीवर यूटीआर नंबर असतो, आरटीजीएसचा बावीस खुणांचा, तो जपून ठेवा, कारण खरेदीखतात पैसे कसे दिले ते लिहिताना वकील तोच मागतात. शाखेत पाच लाखांच्या वर चार्ज जास्तीत जास्त साडेएकोणपन्नास रुपये अधिक जीएसटी लागतो, त्याहून जास्त कापले तर विचारा.

आणि विकणाऱ्याकडून चेकचा फोटो मागताना त्याच मेसेजमध्ये या महिन्याच्या स्टेटमेंटचं पहिलं पानसुद्धा मागून घ्या. चेक छापला तेव्हाची बँक दाखवतो, स्टेटमेंट आजची. दोन्हींवर एमआयसीआरचे मधले तीन आकडे वेगळे दिसले तर फॉर्म भरायच्या आधी फोन करा, काउंटरवर जाऊन नव्हे.