दुपारचा रेट किती ठेवायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून: “आठवड्यात दुपारी आमच्या गेमिंग कॅफेत कुणी फिरकत नाही. दुपारचा रेट निम्मा केला तर चालेल का?”

निम्मा करू नका. किती कमी करायचा ते लाईट बिलापासून सुरू करून काढावं लागतं.

माझा कॅफे सांगलीत, विश्रामबागच्या बाजूला. आठ पीसी, एका खोलीत एक एसी. रेट तासाला ६० रुपये. गेम चालू असताना एक पीसी मॉनिटरसकट साधारण ३०० वॅट खातो. व्यावसायिक मीटरचं युनिट सगळे आकार धरून १४ रुपयांच्या आसपास पडलं, तर तासाला चार-सव्वाचार रुपये झाले. ते फार नाहीत. खरा खाणारा एसी. दीड टनाचा एसी उन्हाळ्याच्या दुपारी तासाला युनिट-सव्वा युनिट सहज ओढतो, म्हणजे १८ रुपये धरा. आणि खोलीत एक पोरगा असो की आठ, एसीला तेवढेच लागतात. त्यामुळे दुपारी दार ढकलून आत आलेला पहिला पोरगा मला तासाला २२ रुपयांना पडतो आणि त्याच्या शेजारी बसणारा फक्त चार रुपयांना. भाडं, इंटरनेट, काउंटरवरच्या मुलाचा पगार हे कुणी आलं नाही तरी जाणारच, म्हणून या हिशेबात मी ते धरतच नाही.

आता दुपारचे १२ ते ४ घ्या. आठ पीसी, चार तास, म्हणजे विकायला ३२ तास. त्यातले रोज सहा विकले जातात असं समजू. ६० नं ३६० रुपये आले. पीसींचे २४ गेले. एसी मधेमधे बंद ठेवून तीन तास चालवला, त्याचे ५४. हातात राहिले २८२.

रेट ४० केला, तर प्रत्येक तासामागे लाईट वजा जाता ३६ उरतात, आणि गर्दी वाढणार म्हणून एसी चारही तास, ७२ रुपये. तेच २८२ उभे करायला दहा तास विकावे लागतात. म्हणजे आणखी चार तास. दोन मित्र दोन तास बसले की झालं. पण रेट ३० केला तर उरतात २६, आणि मग १४ तास लागतात. सहाचे १४ करायचे ते आधीच्याच पैशासाठी! वरचा पैसा चौदाव्या तासाच्या शेवटी कुठे दिसायला लागणार. निम्म्या रेटाला मी नाही म्हणतो ते एवढ्यासाठी.

हे गणित सगळे कॅफेवाले कधीतरी मांडतात. त्यात एक गोष्ट सुटते, ती म्हणजे हे जादा चार तास येतात कुठून.

खोली खच्चून भरते शनिवार-रविवारी संध्याकाळी. पाच जणांची व्हॅलोरंटची टीम आली की पाच पीसी एका झटक्यात गेले, दुसरी टीम दारातून परत. या गर्दीतली चार डोकी दुपारकडे वळवता आली तर सोनंच. पण ती वळत नाहीत. रविवारी येणारा बहुतेक नोकरीवाला किंवा दिवसभर क्लासला अडकलेला. मंगळवारी दुपारी दोनला तो फुकट बोलावलं तरी येणार नाही. दुपारी वळू शकतो तो हॉस्टेलवरचा कॉलेजवाला, जो एरवी मंगळवारी संध्याकाळी येत होता. आणि मंगळवारच्या संध्याकाळी माझ्याकडे तीन पीसी रिकामेच असतात. तो दुपारी आला की संध्याकाळचे ६० गेले, दुपारचे ४० आले. खोली भरल्यासारखी दिसते आणि तासाला २० रुपये गळत राहतात. संध्याकाळी रांग लागत असती तर त्याची खुर्ची दुसऱ्यानं घेतली असती आणि मी खुशाल म्हटलं असतं, ये बाबा दुपारी.

म्हणून दुपारचा रेट लावला की महिनाभरानं गल्ला मोजण्याआधी लॉगिनचा रिपोर्ट काढा. दुपारच्या आयडींचे तीन गठ्ठे करा: आधीपासून दुपारी येणारे, आधी संध्याकाळी येणारे आणि अगदी नवे. दहा तास विकले गेले, त्यात सहा जुने, तीन संध्याकाळवरून सरकलेले आणि एकच नवा असेल, तर तुम्ही तोट्यात आहात, बोर्ड कितीही झकास रंगवलेला असो. नवे आयडी कोण असू शकतात याचाही आधी विचार करावा. आमच्याकडे प्रॅक्टिकल रद्द झालेले इंजिनिअरिंगवाले आणि कुपवाडच्या एमआयडीसीत पहिली पाळी करून सुटलेले, असे दोनच गट दुपारी खरोखर मोकळे सापडले. पाळीवाले तीननंतर येतात. त्यांच्यासाठी बारा वाजल्यापासून रेट पाडून काय उपयोग?

या सगळ्यावरून मी सरसकट सूट ठेवली नाही. एकटा आला तर ६०. दोघं किंवा जास्त एकत्र आले आणि किमान दोन तास बसले तर माणशी तासाला ४०. पहिल्याच्या एसीचे पैसे दुसऱ्यामुळे वसूल होतात, आणि एकटा येणारा पोरगा आपणहून मित्राला फोन लावतो. रोज संध्याकाळी एकटा येऊन बसणाऱ्याला मात्र दुपारी सरकायचं काही कारण राहत नाही.

चार वाजता रेट बदलतो तेव्हा भांडणं होतात. मॅच ३५-४० मिनिटांची, घड्याळाकडे कुणाचं लक्ष नसतं. “दादा, मॅच चालूय, दहा मिनिटं जुन्याच रेटनं धरा की!” हे रोजचं. लॉगिनच्या वेळचा रेट शेवटपर्यंत चालू ठेवला तर पोरं पावणेचारला बसून सातला उठतात. मिरजेच्या एका मित्रानं दुपारी स्वस्त तासांची कुपनं विकली. पोरांनी ती साठवून रविवारी रात्री वापरली. त्यामुळे तास विकू नका, खात्यात रुपये भरून घ्या आणि सॉफ्टवेअरला मिनिटागणिक कापू द्या. ६० रुपये तास म्हणजे मिनिटाला एक रुपया, हे पोरांना तोंडपाठ होतं. चारच्या ठोक्याला ६७ पैशांचा रुपया होतो, मॅच चालू राहते, आणि कुणाशी बोलावंच लागत नाही.

रविवारचं विचाराल, तर तिथे मी ७० घेतो. बोर्डावर मात्र ‘रेट ७०, सोमवार ते शुक्रवार ६०’ असं लिहिलंय. ‘रविवारी दहा रुपये जादा’ लिहिलं की तेच गिऱ्हाईक कुरकुरतं. खरा फायदा त्या दहा रुपयांपेक्षा वेगळाच झाला: मॅच संपल्यावर नुसते यूट्यूब बघत बसणारे उठायला लागले आणि दुसऱ्या टीमला जागा मिळायला लागली.

दुपारच्या सवलतीला कॉलेजचं ओळखपत्र किंवा कंपनीचा पास मी बघतोच. शाळेच्या वेळात स्वस्त रेटची पाटी लावली की दप्तरं खांद्याला लावून आलेली पोरं दारात उभी राहतात. त्यांना आत घेतलं तर दुसऱ्या दिवशी त्यांचे वडील येतात, आणि ते रेट विचारायला येत नाहीत.

आणि एप्रिलच्या शेवटी, सुट्टी लागली की मी दुपारची पाटी काढून ठेवतो. मे महिन्यात दुपारी दोनला आठही पीसी ६० नं भरतात. उन्हात क्रिकेट खेळायला घरचे सोडत नाहीत. पाटी परत लागते ती जूनमध्ये कॉलेजं सुरू झाल्यावर.