नकाराच्या मेलला एकच प्रश्न

“तीन राउंड झाले आणि मग ‘या वेळी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे’ असा मेल आला. कुठे कमी पडलो ते विचारावंसं वाटतंय, पण मागे लागल्यासारखं दिसायला नको. लिहू का? आणि काय लिहू?”

लिहा. तीन राउंड झाले म्हणजे तिथल्या दोन-तीन जणांनी तुमच्याशी बोलून काहीतरी टिपून ठेवलंय, त्यामुळे सांगण्यासारखं त्यांच्याकडे आहे. नुसता अर्ज पाठवला आणि नकार आला, असं असतं तर लिहू नका म्हटलं असतं. त्या टप्प्यावर रेझ्युमेवरून नजर फिरवण्यापलीकडे कुणी काही केलेलं नसतं, आणि विचारलं तरी छापील वाक्यच परत येतं.

आधी मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय ते बघा. पत्त्यात `noreply` असेल तर तिथे पाठवलेलं उत्तर कुणी वाचत नाही. अशा वेळी इंटरव्ह्यूची वेळ ठरवणारा जुना मेल शोधा. त्यात रिक्रूटरचा पत्ता असतो, त्याच मेलला रिप्लाय करा. रिक्रूटरनेच नकार कळवला असेल तर प्रश्नच नाही, आहे त्या मेललाच उत्तर द्या आणि विषयाची ओळ बदलू नका. तुमचं नाव, पद, राउंडच्या तारखा सगळं खाली असतं, त्यांना काही शोधावं लागत नाही. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना वेगळे मेल मात्र पाठवू नका. दोघा-तिघांना एकच प्रश्न गेला की प्रत्येकाला वाटतं दुसरा उत्तर देईल, आणि शेवटी कुणीच देत नाही.

वेळेचं म्हणाल तर ड्राफ्ट आज लिहा, पाठवा उद्या सकाळी. मन खट्टू असताना लिहिलेलं वाक्य रात्रीनंतर वेगळं दिसतं. पण दोन कामाच्या दिवसांपलीकडे थांबू नका. टिपणं त्रोटक असतात, आणि आठवड्याभरात त्याच लोकांसमोर दुसरे उमेदवार येऊन गेलेले असतात.

आता खरी गोम प्रश्नात आहे. ‘माझी निवड का झाली नाही?’ हा प्रश्न तुम्हाला साधा वाटतो, रिक्रूटरला तो निर्णयाचा लेखी खुलासा मागितल्यासारखा वाटतो. लेखी कारणावर उद्या वाद होऊ शकतो, म्हणून कित्येक कंपन्यांत कारणं कळवायची नाहीत असाच नियम असतो. शिवाय खरं कारण बरेचदा तुमच्यात नसतंच: आतलाच कुणी त्या जागेसाठी तयार होता, दुसऱ्याला लवकर रुजू होता येत होतं, पदाचं स्वरूपच मधल्या काळात बदललं. यातलं ते काय सांगणार? आणखी एक अडचण असते. तांत्रिक राउंडला रिक्रूटर बहुधा हजर नसतो. त्याच्या हातात पॅनेलने दिलेला दोन ओळींचा शेरा असतो. तेव्हा त्या दोन ओळींवरून, फोनवर टाइप करून, मिनिटभरात उत्तर देता येईल असाच प्रश्न हवा.

समजा पद डेटा ॲनालिस्टचं आहे. पहिला राउंड फोनवर, दुसऱ्यात एसक्यूएलची चाचणी, तिसऱ्यात एका केसचं टीमसमोर प्रेझेंटेशन. चाचणी ठीक गेली. प्रेझेंटेशनच्या शेवटी गृहीतकांवर प्रश्न आले तेव्हा उमेदवार अडखळला. त्याचा पहिला ड्राफ्ट साधारण असा होतो: ‘संधीबद्दल आभार. पण माझी चाचणी चांगली झाली होती, त्यामुळे निर्णयाचं आश्चर्य वाटलं. कृपया तिन्ही राउंडबद्दल सविस्तर फीडबॅक द्यावा.’ यात मेल बिघडतो तो ‘पण’पाशी. तिथून पुढे सगळं तक्रारीसारखं वाचलं जातं. आणि ‘सविस्तर’ हा शब्द दिसला की वाचणारा ‘नंतर बघू’ म्हणून मेल बाजूला ठेवतो.

तोच मेल असा लिहिता येतो:

> नमस्कार मॅडम,
>
> निर्णय कळवल्याबद्दल आभार. केस दोन दिवस आधी मिळाल्यामुळे नीट तयारी करता आली, आणि टीमने विचारलेल्या प्रश्नांमुळे कामाची चांगली कल्पना आली.
>
> पुढच्या तयारीसाठी एकच विचारतो. अशा प्रेझेंटेशनसाठी मी कशावर अधिक मेहनत घ्यावी: निष्कर्ष मांडण्यावर, गृहीतकांमागची कारणं सांगण्यावर, की आणखी कशावर? एका ओळीचं उत्तरही पुरेल. असं सांगण्याची पद्धत नसेल तरी हरकत नाही.
>
> पुढे या टीममध्ये योग्य जागा निघाली तर पुन्हा अर्ज करायला आवडेल.

याहून मोठा करू नका. यातला प्रश्न पुढच्या वेळेबद्दल आहे, त्यामुळे झालेल्या निर्णयाचं समर्थन कुणाला करावं लागत नाही. दोन पर्याय दिलेत, म्हणजे एका शब्दातही उत्तर देता येतं. ‘की आणखी कशावर’ मात्र ठेवाच. नाहीतर तुम्हाला जे ऐकायची तयारी आहे तेवढंच ऐकू येईल, आणि खरी उणीव तिसरीकडेच असू शकते. आभारही नेमके आहेत. ‘अमूल्य संधीबद्दल मनःपूर्वक आभार’ कुणी वाचत नाही. केस वेळेत पाठवणाऱ्या माणसाला ते लक्षात ठेवलेलं मात्र कळतं. ‘हरकत नाही’ एकदाच म्हणा. तीनदा म्हटलं की हरकत आहे असं वाटतं. मेल कुठल्या भाषेत, तर आधीचा पत्रव्यवहार ज्या भाषेत झाला त्याच. रेझ्युमे पुन्हा जोडू नका, फेरविचाराचा विषय काढू नका.

‘अधिक अनुभवी उमेदवार मिळाला’ असं उत्तर आलं तर ते बहुधा ठरावीक वाक्य आहे, त्यात खोदत बसू नका. ‘निष्कर्ष फार उशिरा आला’ असं काही आलं, तर ते कामाचं आहे: पुढच्या वेळी पहिल्याच स्लाइडवर निष्कर्ष ठेवून बघता येतो. दोन्हींना उत्तर दोन ओळींचंच, आभाराचं. आणि उत्तर चुकीचं वाटलं तर? समजा ते म्हणाले की तुम्हाला अमुक टूल येत नाही, आणि तुम्ही तर ते रोज वापरता. तरीही तिथे दुरुस्ती करू नका, असं माझं मत आहे. फीडबॅक देणाऱ्याशी एकदा वाद झाला की तो पुढच्या उमेदवारालाही देणं बंद करतो. चूक खरंच त्यांची असेल तर त्यातून एवढं कळलं की ते टूल तुमच्या रेझ्युमेत ठळक दिसत नव्हतं. पुढच्या अर्जाआधी तेवढं सुधारून घ्या.

उत्तर न येण्याची शक्यता बरीच असते. आठवण करून देऊ नका. अर्जाच्या निकालासाठी एक आठवण चालते, पण फीडबॅक ही ऐच्छिक गोष्ट आहे, तिची आठवण म्हणजे तगादा. तीन-चार महिन्यांनी त्यांच्याकडे जुळणारी जागा दिसली की रीतसर अर्ज करा आणि याच जुन्या मेलखाली तसं एका वाक्यात कळवा. कधीकधी संपर्क त्याआधी तिकडूनच होतो. निवडलेला माणूस ऐन वेळी रुजू होत नाही किंवा थोड्याच दिवसांत सोडून जातो, आणि रिक्रूटर नव्याने जाहिरात देण्याआधी शेवटच्या राउंडपर्यंत आलेल्यांची यादी काढतो. ‘तुमचा दुसरा क्रमांक होता का’ हे मात्र मेलमध्ये विचारू नका. यादी काढली तर फोन तेच करतील.