कसाऱ्यात दम तोडणारी पिकअप

कांदा वाहणारी पिकअप, चार सिलेंडर कॉमन रेल, म्हणजे पंप जास्त प्रेशरने डिझेल रेल नावाच्या एका जाड पाईपात भरतो आणि तिथून ते चारी इंजेक्टरना जातं. मालक म्हणाला, "मुंबईहून परत येताना कसारा घाटात माल असला की एकदम दम तोडते, चेक लाईट लागते, बंद करून परत सेल्फ मारला की पुन्हा चालते." त्याआधी एका ठिकाणी डिझेल फिल्टर अन रेल सेन्सर बदलून झाले होते, फरक शून्य.

स्कॅनर लावला तर P0087, म्हणजे रेल प्रेशर कमी. पण कोड बघून पार्ट बदलायचा नसतो, म्हणून घाटाच्या चढावर लाईव्ह डेटा बघत नेली. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ECU, १४०० बार मागतोय आणि मिळतंय ९००, तेही इंजिन चांगलं तापल्यावर, थंड असताना बऱ्यापैकी चालायची. तापल्यावर डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून जास्त गळतं, त्यामुळे संशय गळतीवरच गेला.

आधी लो प्रेशर बाजू बघितली. पंपाच्या आधी पारदर्शक नळी टाकली, बुडबुडे नाहीत, डिझेल भरपूर येतंय. मग चारी इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून गरम इंजिन आयडलला ठेवलं. दोन बाटल्यांत जेमतेम तळ भरला, दुसऱ्या आणि चौथ्याच्या मात्र त्याच्या तिप्पट भरल्या. मालक लगेच म्हणाला, "दोनच बदला ना दादा."

इथेच घाई नडते, कारण गळके इंजेक्टर बदलले की आयडल छान होतं, पण पंपच कमजोर असेल तर लोडवर गाडी परत तिथेच येते. म्हणून पंप एकटा तपासला: इंजेक्टरकडे जाणारे रेलचे चारही तोंड ब्लाइंड कॅपने बंद केले, या गाडीत पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणाऱ्या मीटरिंग व्हॉल्व्हचा कनेक्टर काढला की तो पूर्ण उघडा राहतो, तोही काढला आणि पाच सेकंद सेल्फ मारला. आता इंजेक्टरमधून गळायला जागाच नाही, तरी प्रेशर ६०० च्या वर गेलंच नाही, चांगला पंप अशात हजार सहज ओलांडतो. (इंजिन चालू असताना रेलचा पाईप कधीही सैल करू नका, त्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं, आणि बाहेरून छोटंसं भोक दिसलं तरी तातडीने हॉस्पिटल गाठायचं असतं.)

मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याची जाळी उजेडात धरली, पंप झिजून येणारा धातूचा चमकणारा चुरा नव्हता. चुरा असता तर रेल, पाईप, टाकी सगळं धुवावं लागलं असतं अन खर्च कुठल्याकुठे गेला असता. मालकाला रीडिंग दाखवलं तेव्हा तो तयार झाला. पंप आणि चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर पाठवून रिपेअर करून आणले, बसवल्यावर प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा नवा कोड, ज्यावरून ECU त्याचं डिझेल जुळवतो, तो ECU मध्ये टाकला, हे बरेचजण विसरतात आणि मग आयडल उड्या मारतं.

माल भरून त्याच घाटात नेली. मागणी १४००, मिळतंय १३८० च्या आसपास, इंजिन तापलेलं असूनही.