काम द्यायचं की पैसे टाकायचे? तुम्ही विचारलंत म्हणून

"रोजगार हमीवर एवढा खर्च करण्यापेक्षा सगळ्यांच्या खात्यात सरळ पैसे का नाही टाकत?"

नागपुरात हे मला सारखं विचारतात, म्हणून काटोलकडचं एक घर धरून हिशोबच मांडते. घरात पाच माणसं, दोघं मजुरीला जाणारे, एक आजी, दोन पोरं. मनरेगात 2025-26 चा महाराष्ट्राचा दर 312 रुपये, आणि 100 दिवस अख्ख्या घराला मिळून, म्हणजे सगळे दिवस मिळाले तरी 31,200. आता 2016-17 च्या आर्थिक पाहणी अहवालात सगळ्यांना किमान उत्पन्न देण्याचा जो हिशोब होता तो माणशी वर्षाला 7,620 रुपयांचा, पाच जणांचे 38,100 होतात. कागदावर रोख रक्कम जिंकली.

पण ती महिन्याला 3,175 होते, आणि ऑगस्टात पावसाने दडी मारली, निंदणाची कामं गेली, तरी 3,175 च राहते. हमीचं काम मात्र माणूस गरज पडेल तेव्हा मागू शकतो. करोनाच्या 2020-21 मध्ये देशभरात मनरेगाचे जवळपास 389 कोटी मनुष्यदिवस भरले, आदल्या वर्षी 265 कोटी होते. अडचण वाढली तशी योजना फुगली, आणि माझ्या मते हमीची खरी ताकद हीच आहे.

आता हीच हमी कुठे अडते ते पण बघा. काम मागितल्यावर 15 दिवसांत द्यायचं, नाहीतर बेरोजगार भत्ता, असा कायदा होता, पण ते दिवस मोजायचे तर अर्जाची तारीख टाकलेली पोचपावती हातात पाहिजे. तीच दिली नाही की भत्ता लागूच होत नाही आणि कागदावर दिसतं की गावात कोणी काम मागितलंच नाही!! त्यात मजुरी मोजमापावर असते, मे महिन्यात आपली काळी माती दगडासारखी होते, दिवसभर खोदूनही माप कमी भरलं की 312 हातात पडत नाहीत.

आणि आजीचं काय? तिला हमीतून शून्य. बाळंतीण, आजारी माणूस, ज्याला कुदळ उचलता येत नाही तो प्रत्येक जण बाहेर. यांना रोख रक्कमच पाहिजे, विनाअट आणि दर महिन्याला, त्यात मला काहीच शंका नाही. पण ती हमी बंद करून नको, कारण आजीचे पैसे सुनेच्या कामाचे दिवस कापून दिले तर घरात नवीन काय आलं?

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. दिवस 125 झाले, बरं झालं, पण आता केंद्र प्रत्येक राज्याचा वाटा आधीच ठरवणार आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा. म्हणजे दुष्काळात काटोलचं ते घर काम मागायला गेलं तर मुंबईतल्या तिजोरीत काय शिल्लक आहे ते आधी बघितलं जाईल. रोख रकमेपेक्षा हमी जिथे भारी होती, नेमकी तीच जागा यात कमजोर झाली आहे.