वीतभर कवेलू

वैशाखातल्या दुपारी गावात एकाच घराचं छप्पर उघडं असलं तरी सगळ्या गल्लीला कळतं. कवेलू एकमेकांवर ठेवताना खणखण आवाज येतो, आणि उन्हात बाकी सगळं गप्प असल्यानं तो दूरवर जातो. अशा ढिगातलं एक कवेलू सहज उचलून पालथं-उताणं करून पाहावं. आतल्या बाजूला बोटांच्या वळ्या असतात. चाकावर नळकांडं ओढताना कुंभाराची बोटं आतून वर गेली, त्या वळ्या. मग त्यानं ओल्या नळकांड्याला दोन्ही बाजूंनी चिरा दिल्या आणि एका नळकांड्याची दोन कवेलं झाली. नळकांडं खाली रुंद, वर जरा निमुळतं, म्हणून प्रत्येक कवेलूचं एक तोंड मोठं आणि एक लहान. सगळी भानगड या लहान-मोठ्या तोंडातच आहे.

इंग्रजी कवेलूला मागं उंचवटा असतो, त्यानं ते रिपेला अडकतं. देशी कवेलूला अडकायला काहीच नाही. ते स्वतःच्या वजनावर आणि शेजाऱ्याच्या भरवशावर बसतं. खालचा थर उताणा, त्यातून पाणी वाहतं. तिथं मोठं तोंड आढ्याकडं आणि लहान तोंड वळचणीकडं, म्हणजे वरच्याचं लहान तोंड खालच्याच्या मोठ्या तोंडात शिरतं. वरचा थर पालथा, तिथं नेमकं उलट. हे ज्याला माहीत नाही त्यानं शिडीच्या खालीच राहावं. एक उताणं कवेलू फिरून बसलं, तर पाणी थेट खालच्या बांबूच्या कामट्यांवर उतरतं आणि गळतं मात्र चार हात खाली, भलतीकडंच. घरचे भलत्या जागी बादली ठेवतात आणि मिस्त्रीला शिव्या देतात.

आता जुळवणीचं. घरोघरी एकच चूक होते. लोक फुटक्या कवेलांची संख्या मोजतात, तेवढीच नवी आणतात आणि जिथं फुटलं तिथं घुसवतात. पण नवं कवेलू दुसऱ्या हाताचं, दुसऱ्या चाकाचं. ते अर्धा इंच आखूड असतं, किंवा त्याचा निमुळतेपणा वेगळा. जुन्यांच्या ओळीत ते नीट बसत नाही, एक तोंड उचलून धरतं. त्या फटीतून पाऊस नाही आला तरी वारं येतं, आणि वाऱ्यासोबत झड.

एक घर धरू. छपराची एक उतरती बाजू, म्हणजे एक पाखं, लांबी 24 फूट, आढ्यापासून वळचणीपर्यंत उतार 10 फूट. जुनं कवेलू वीतभर, म्हणजे 9 इंच. त्यातले 3 इंच वरच्याखाली दबतात, उघडे राहतात 6. दहा फुटांत अशा 20 आडव्या रांगा. उताण्या कवेलांच्या उभ्या नाळींची मधोमध अंतरंही 6 इंच, म्हणजे 24 फुटांत 48 नाळी. एका थराला 960 कवेलं, दोन्ही थर मिळून 1920. छप्पर उतरवलं, झाडलं, वाजवून पाहिलं. खणखण वाजलं ते ठेवायचं, भदभद वाजलं ते बाजूला, त्यात केसाएवढी चीर असते. समजा चांगली निघाली 1300. कमी पडली 620.

ही 620 विस्कटून लावायची नाहीत. जुन्यांतली 960 सगळी खाली, उताणी लावायची. म्हणजे पाण्याची वाट एका हाताची, एका मापाची राहते. उरली 340 जुनी. 20च्या हिशेबानं त्यांच्या वरच्या 17 ओळी होतात. राहिलेल्या 31 ओळी नव्या कवेलांच्या, आढ्यापासून वळचणीपर्यंत अख्ख्या. वरचं पालथं कवेलू कामटीवर टेकत नाही, दोन नाळींच्या काठांवर बसतं. त्यामुळं त्याची रांग खालच्या रांगेशी बरोबर आली पाहिजे असं नाही. नवं माप वेगळं असलं तरी खपतं, फक्त एका ओळीत एकच माप असलं पाहिजे. आणि वानरं उडी मारतात तेव्हा बहुतेक वरचंच फुटतं. ते उचलून बदललं तर खालच्या नाळीला धक्का लागत नाही.

पण 620 आणून भागत नाही. नव्यातली दहा कवेलं आधी जमिनीवर दोन बांबूंवर एका ओळीत, एकात एक नीट बसवून ठेवायची आणि पूर्ण लांबी मोजायची. जुन्या दहांची 63 इंच भरते: पहिलं अख्खं 9, पुढची नऊ प्रत्येकी 6. नव्यांची 58च भरली, तर समजायचं की कवेलू साडेआठ इंची आहे आणि उघडं राहतं साडेपाच इंच. मग तोच 10 फुटांचा उतार झाकायला 20 नाही, 22 लागतील. 31 ओळींना 682. शिवाय गाडीतून उतरवताना, शिडीवर आणि पायाखाली फुटतात ती वेगळी. साडेसातशे सांगायची. ही मोजणी न करता मृगाच्या तोंडावर आढ्याजवळ दोन-दोन हात उघडं राहिलेलं छप्पर, आणि त्यावर ताडपत्री, गावोगाव दिसते.

रुंदीही पाहून घ्यायची. दोन जुनी उताणी कवेलं मधोमध सहा इंचांवर ठेवून वर एक नवं पालथं घालायचं. दोन्ही काठ त्याच्या पोटात शिरले पाहिजेत आणि बोटानं ढकललं तर ते डुलता कामा नये. काठावर नुसतं टेकलेलं कवेलू पहिल्या वावटळीत सरकतं.

नवीच भट्टीतली मिळाली तर एक पारख आणखी. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. माती नीट चाळली नाही तर खडा कवेलूत जातो, भट्टीत भाजून त्याचा कळीचा चुना होतो आणि पुढं ओल लागली की तो फुगतो. कवेलूवर पांढरा ठिपका आणि त्याभोवती उडालेली खपली दिसली की ओळखायचं. म्हणून नवी कवेलं आणल्यावर त्यांच्यावर पाणी मारून चार-पाच दिवस ढिगातच राहू द्यायची. जी फुटायची ती खालीच फुटतील. त्यातली दोन-चार उताणी ठेवून, दोन्ही तोंडं चिखलानं बंद करून रात्रभर पाणी भरायचं. सकाळी खालून ओल दिसली तर चालतं, थेंब लोंबत असला तर नाही.

आजकाल मात्र नवी भट्टी सापडतेच कुठं! 2016 पासून प्रधानमंत्री आवासची घरकुलं उभी राहू लागली, स्लॅब पडला आणि पाडलेल्या घरांची कवेलं अंगणाअंगणात रचून पडली. मिळतात ती तीच. बुरी नाहीत, पन्नास पावसाळे खाल्लेल्या कवेलूला आणखी काय परीक्षा द्यायची? पण दोन घरांचा माल एका ढिगात टाकला की संपलं. ढीग वेगळेच ठेवा, आणि दहाची मोजणी प्रत्येक ढिगाची वेगळी करा.

कामट्यांना लोक नंतर हात घालतात. खरं तर खालच्या थराचं माप कळल्यावाचून कामटी बांधूच नये. उघडा भाग 6 इंच, तर कामट्या त्याच्या निम्म्यावर, तीन-तीन इंचांवर. म्हणजे प्रत्येक उताणं कवेलू किमान दोन कामट्यांवर येतं. चार-साडेचार इंचांवर अंदाजे बांधल्या की काही कवेलं दोन कामट्यांवर बसतात आणि काही एकीवरच. एकीवरचं डुलतं, तोंड वर करतं. आपल्या 10 फुटांना 41 रांगा, 24 फुटांना दोन तुकडे, जोड आढ्यापासून वळचणीला जाणाऱ्या फाट्यावर. तुकडे झाले 82. जाड मानवेलीच्या एका बांबूतून बारा फुटी चार कामट्या निघतात, म्हणजे 21 बांबू, आणायचे 25. एका रांगेत बुंधा डावीकडं आला तर पुढच्या रांगेत उजवीकडं, नाहीतर छप्पर एका अंगाला जाड होतं. खिळा मारू नये, वाळलेला बांबू चिरतो. ओल्या बांबूच्या कामट्या बांधल्या तर त्या वाळून आकसतात आणि बांध ढिले पडतात.

वळचणीची पहिली कामटी दुहेरी. हे विसरणारे मिस्त्रीही पाहिलेत. वरच्या प्रत्येक कवेलूच्या नाकाखाली दुसरं कवेलू असतं, पहिल्याच्या नाकाखाली काही नसतं. एकच कामटी असली तर ते नाक खाली पडतं आणि दुसऱ्या रांगेची फट उघडते.

फाटे तपासायला आढ्यापासून वळचणीपर्यंत सुतळी ताणायची. मधे दोन बोटांहून जास्त झोल दिसला तर फाटा बदलायचा. एका पाख्यावर कोरडं वजनच दीड-पावणेदोन टन बसतं, आणि श्रावणात पाणी पिऊन त्यात आणखी भर पडते. मातीच्या भिंतीचं घर असेल तर एक पाखं पूर्ण लादून दुसरं उघडं ठेवू नये; दोन्हीकडं थोडं-थोडं चढवायचं.

जुन्या कामट्या पाहिल्यावर एक गंमत दिसते. चुलीच्या वरच्या काळ्याभोर, डांबर लावल्यासारख्या, आणि गुडघ्यावर वाकवल्या तरी मोडत नाहीत. ओसरीवरच्या पिवळ्या, स्वच्छ, आणि हातात घेताच त्यांतून पीठ गळतं. बांबूतल्या पिठूळ गोडीला भुंगा लागतो. धुरात तो येत नाही. सिलिंडर आल्यापासून सगळ्या घराची ओसरी झाली. आता बांबू पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात तोडलेलाच घ्यावा, आणि दोन-तीन आठवडे तळ्याच्या पाण्यात बुडवून मग वाळवावा. तळ्याला वास येतो. शेजारी बोलतात. बोलू द्यावं.

शेवटच्या दिवशी घरच्या मावशी अंगणातून वर पाहत म्हणतात, "भाऊ, हे लाल कवेलू इकडल्या बाजूनं कायले लावून रायले? रस्त्यानं दिसते ना!"

"मावशी, काळे सैपाकाच्या खोलीवर लावले. तिकडं पुरले तेवढे."

"मंग दोन्ही सारखे नाही होत का?"

"दोन पावसाळे जाऊ द्या."

मावशींचं समाधान होत नाही. तेवढ्यात कडुनिंबावरून एक वानर धपकन लाल बाजूवर उतरतं, त्याच्यामागं पोरांसकट अख्खा कळप. बाजूला काढलेल्या जादाच्या कवेलांवर मिस्त्री गोणपाट टाकतो आणि शिडी तशीच भिंतीला लावून ठेवतो.