नसेभोवतीची पांढरी कड

दुपारी हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला. रेडिओलॉजिस्ट म्हणून सकाळी मी पाठवलेला कमरेच्या एमआरआयचा रिपोर्ट त्यांच्यासमोर होता. कमरेचे मणके आणि त्यांच्या नसा आम्ही एल१ ते एल५ अशा मोजतो, खालच्या सेक्रम हाडाच्या एस१पासून; दोन मणक्यांच्या मध्ये गादी. "अहो, एल५-एस१ची गादी उजव्या एस१ नसेला टेकलीय असं लिहिलंत. पण पेशंटची कळ मांडीच्या पुढून, गुडघ्यावरून नडगीच्या आतल्या बाजूला जाते. गुडघ्याचा जर्क उतरलाय, घोट्याचा व्यवस्थित आहे. जुळत नाही हे."

खरंच जुळत नव्हतं. एस१ची कळ मांडी-पोटरीच्या मागून तळपायाच्या बाहेरच्या कडेला उतरते आणि तिथे घोट्याचा जर्क, म्हणजे हातोडी मारल्यावर येणारा झटका, जातो. ते सांगत होते ती एल४. विनंतीपत्रावर मात्र एवढंच होतं: वय ५४, कंबरदुखी, उजव्या पायात कळ.

स्कॅन पुन्हा उघडला. आधी मणके मोजले, कारण पाचवा मणका सेक्रमला जुळलेला असला किंवा सहावा निघाला तर सगळी गणतीच सरकते आणि चुकीच्या पातळीवर ऑपरेशन होऊ शकतं. गणती बरोबर होती. मग एल४-एल५चे टी२ अ‍ॅक्सियल, म्हणजे पाणी पांढरं दाखवणारे आडवे स्लाइस. गादीचा घेर जवळजवळ सगळीकडून जरासा बाहेर, म्हणजे बल्ज. नसा जातात त्या मणक्यांमधल्या कॅनॉलमध्ये पांढरं पाणी भरपूर, त्यात नसांचे बारीक ठिपके सुटे सुटे. अरुंदपणाच्या शिझास वर्गवारीत हा ए, म्हणजे सगळ्यात सौम्य. कॅनॉलच्या दोन्ही कडांचे कोपरे, लॅटरल रिसेस, मोकळे. सकाळी मी इथेच थांबलो होतो.

गोम अशी, की एल४-एल५च्या गादीजवळ प्रत्येक बाजूला दोन नसा असतात. लॅटरल रिसेसमधून खाली जाते ती एल५. एल४ त्याच्या आधीच, एल४च्या पेडिकल या हाडाच्या खांबाखालून, फोरामेन या बाजूच्या छिद्रातून बाहेर पडते. नेहमीची मध्याच्या बाजूला सरकलेली गादी एल५ला दाबते, म्हणून नजर तिथेच जाते. पण तीच गादी फोरामेनमध्ये किंवा त्याच्याही बाहेर फुगली तर दबते एल४, आणि कॅनॉल मात्र अगदी निर्मळ दिसतो.

म्हणून टी१ सॅजिटलच्या, म्हणजे बाजूने पाहिलेल्या उभ्या छेदांच्या, उजवीकडच्या स्लाइसवर गेलो. टी१वर चरबी पांढरी दिसते आणि फोरामेनच्या वरच्या भागात त्या चरबीत नसेचा करडा ठिपका बसलेला असतो. उजवीकडे एल३-एल४ला ठिपका आणि भोवतीची पांढरी कड स्वच्छ होती. एल५-एस१लाही. एल४-एल५ला कड नव्हती. ठिपक्याच्या खालून करडा गोळा वर सरकून आला होता. डावीकडच्या त्याच पातळीशी ताडून पाहिलं, तिथे कड शाबूत.

अ‍ॅक्सियलवर तो का दिसला नाही? आमचे स्लाइस ४ मिमी जाडीचे, प्रत्येक गादीला समांतर, तिच्यापुरतेच घेतलेले. दोन गाद्यांमधला भाग सुटतो. असा तुकडा बरेचदा वर, पेडिकलकडे सरकतो, म्हणजे नेमका सुटलेल्या भागात. एल४-एल५च्या गठ्ठ्यातल्या सगळ्यात वरच्या स्लाइसवर सोआस स्नायू आणि फॅसेट सांधा यांच्यामध्ये उजवीकडे थोडी चरबी गेलेली होती, पण डावी बाजू शेजारी ठेवल्याशिवाय ते कुणाच्या लक्षात येणार नाही. माझ्याही आलं नव्हतं.

तंत्रज्ञाला सांगून पेशंटला पुन्हा बोलावलं आणि एल३च्या खालच्या कडेपासून एल५च्या मध्यापर्यंत सलग, गादीप्रमाणे तिरपे न केलेले अ‍ॅक्सियल घेतले. आता गोळा उघड दिसला: गादीला जोडलेला, टी२वर गादीसारखाच काळपट, एल४ची नस वर आणि बाहेर ढकललेली. एक शंका उरते, नसेच्या आवरणाची गाठ. ती सहसा टी२वर उजळ असते, कॉन्ट्रास्ट दिल्यावर चमकते आणि हळूहळू वाढताना फोरामेनचं हाड कोरून रुंद करते. इथे हाडाची कड सरळ होती, गादीशी असलेला जोड स्पष्ट होता. कॉन्ट्रास्टची गरज वाटली नाही.

पुरवणी रिपोर्टमध्ये लिहिलं: "एल४-एल५ : उजवीकडे फोरामेनमध्ये आणि बाहेर एक्स्ट्रूजन, वर सरकलेलं, उजवी एल४ नस दबलेली व विस्थापित. कॅनॉल अरुंद नाही." एल५-एस१चं वाक्यही बदललं. त्या गादीचा पाया माथ्यापेक्षा रुंद, म्हणून प्रोट्रूजन कायम ठेवलं, पण "एस१ नसेला टेकते, सरकवत किंवा चेपत नाही" असं स्पष्ट केलं. टेकणं आणि दबणं यांत फरक न केल्यानेच डॉक्टरांना वाटलं, की मी दुखण्याचं कारण त्या गादीला देतोय.

विनंतीपत्राच्या नमुन्यात आता दोन ओळी वाढल्या आहेत: कळ नेमकी कुठून कुठवर जाते आणि कोणता जर्क उतरलाय.