पहिला हप्ता लहान, पण बाकी कुठे जाते?

"पहिल्या वर्षाचा हप्ता इतका कमी बसतोय, मग दरवर्षी हप्ता वाढत जाणारं स्टेप-अप लोन घ्यायला काय हरकत आहे?"

हरकत नाही, फक्त सही करायच्या आधी एक छोटा हिशोब करा. लोनची रक्कम घ्या, तिला वार्षिक व्याजदराने गुणा, 12 ने भागा. हे झालं पहिल्या महिन्याचं व्याज. आता पहिला हप्ता त्याच्यापेक्षा मोठा आहे की लहान ते बघा. लहान असेल तर त्या वर्षी तुम्ही मुद्दल अजिबात फेडत नाही, उलट न भरलेलं व्याज मुद्दलात जाऊन बसतं आणि पुढच्या महिन्यापासून त्यावरही व्याज लागतं.

मी स्वतः असं लोन घेतलं होतं आणि हा हिशोब केला नव्हता. वर्षभर एकही हप्ता चुकवला नाही, आणि वर्षाअखेरचं स्टेटमेंट उघडलं तर बाकी मूळ लोनपेक्षा जास्त. मला वाटलं बँकेचीच काहीतरी चूक झालीय, दोन दिवस आकडे तपासत बसले, पण आकडे बरोबर होते.

उदाहरण घेऊया. 10 लाखांचं लोन, 12 टक्के दर, 10 वर्षं. नेहमीचा समान हप्ता बसतो 14,347 आणि एकूण व्याज साधारण 7 लाख 22 हजार. आता हेच लोन दरवर्षी हप्ता 10 टक्क्यांनी वाढेल असं लावलं तर पहिल्या वर्षी हप्ता येतो 9,879, म्हणजे महिन्याला जवळपास साडेचार हजार हातात राहतात आणि तिथेच माणूस हो म्हणतो. पण पहिल्या महिन्याचं व्याजच 10,000 आहे ना! दर महिन्याला 121 आणि वर त्याचं व्याज असं साठत जातं आणि वर्षाअखेर बाकी होते 10,01,539. वाढ किरकोळ आहे, खरी गोष्ट ही की वर्षभर जवळपास 1 लाख 19 हजार भरूनही मुद्दल एका पैशाने कमी झालेलं नाही.

दुसऱ्या वर्षी हप्ता 10,867 होतो, तेव्हा कुठे मुद्दल हलायला लागतं, तेही हळूहळू. पाच वर्षं झाली की तुम्ही एकूण 7 लाख 24 हजारांच्या आसपास भरलेले असतात आणि बाकी असते 8 लाख 54 हजार. समान हप्त्याच्या लोनमध्ये त्याच वेळी बाकी 6 लाख 45 हजार असती. मध्येच नोकरी बदलली, लोन बंद करायचं ठरलं किंवा ज्यासाठी लोन घेतलं ती वस्तू विकायची वेळ आली, तर हा दोन लाखांचा फरक एकदम अंगावर येतो. मला शेवटच्या व्याजाच्या आकड्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण लोन पूर्ण मुदत चालेलच असं नसतं.

हप्ता पाचव्या वर्षी 14,463 होतो, म्हणजे समान हप्त्याच्या पुढे जातो, आणि मग उरलेली सगळी वर्षं जास्तच भरायचं, शेवटच्या वर्षी 23,293. चार वर्षं सवलत, सहा वर्षं भरपाई. एकूण व्याज 8 लाख 89 हजार, समान हप्त्यापेक्षा 1 लाख 68 हजार जास्त. याला कुणी फसवणूक म्हणतं ते मला पटत नाही, दर तोच आहे, फक्त पैसे तुमच्याकडे जास्त काळ राहिले त्याचं ते व्याज आहे.

मग करायचं काय? वाढीचा टक्का कमी करून मागा. तेच लोन दरवर्षी 5 टक्के वाढीवर लावलं तर पहिला हप्ता 11,961 बसतो, पहिल्या महिन्याच्या व्याजापेक्षा बऱ्यापैकी वर, म्हणजे बाकी पहिल्या दिवसापासून उतरायला लागते. शेवटच्या वर्षीचा हप्ता साधारण 18,555 आणि एकूण व्याज 8 लाख 5 हजार. सुरुवातीला अडीच हजारांपर्यंत आराम मिळतो तो मिळतोच. दर बदलता असेल तर हप्ता आणि व्याज यांच्यातली ही जागा अजून कामाची, कारण 12 चा दर 14 झाला तरी पहिल्या महिन्याचं व्याज 11,667 होतं, हप्ता अजूनही त्याच्यावर राहतो. 10 टक्केवाल्या लोनमध्ये अशी जागाच नाही, दर थोडा चढला की खड्डा लगेच मोठा होतो.

आणि फक्त हप्त्यांचा तक्ता घेऊन येऊ नका, दर वर्षाअखेरची बाकी लिहिलेला पूर्ण शेड्यूल मागा. त्यात बाकीचा कॉलम वरून खाली वाचा. पहिल्या काही ओळींत आकडा वाढताना दिसला तर तिथेच थांबून वाढीचा टक्का कमी करायला सांगा.